आज किती दिले म्हणजे चाळीस वर्षे पुरतील?

इंग्लिश खाडीतल्या ग्वेर्नसी बेटावर १९९८ साली एका तरुण सायकलस्वाराला मोटारीची धडक बसली. तो वाचला, पण जन्मभर दुसऱ्याच्या आधारावर राहिला. भरपाईचा खटला बरीच वर्षे चालला आणि शेवटी सगळा वाद एका आकड्यावर येऊन थांबला. पहिल्या न्यायालयाने तो आकडा एक टक्का धरला आणि भरपाई साधारण ९३ लाख पौंड ठरवली. अपील न्यायालयाने खर्चाचे दोन भाग केले. ज्या भागाचा संबंध पगारांशी येतो, म्हणजे मुख्यतः देखभाल करणाऱ्या माणसांचे वेतन, त्याला वजा दीड टक्का लावला आणि उरलेल्या खर्चाला अर्धा टक्का. भरपाई गेली पावणेचौदा दशलक्ष पौंडांवर, म्हणजे जवळपास दीडपट. २०१२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हाच निकाल कायम ठेवला.

माणूस तोच, जखमा त्याच, लागणाऱ्या परिचारिकाही तेवढ्याच. मग पंचेचाळीस लाख पौंड आले कुठून? ते आले वास्तव व्याजदरातून. तो शून्याच्या खाली गेला की भविष्यातल्या खर्चाचे आजचे मूल्य कसे बदलते, हे भरपाईच्या दाव्यात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

न्यायाधीशापुढचा प्रश्न तसा सरळ असतो. जखमी माणसाला पुढची चाळीस वर्षे दरसाल अमुक खर्च येणार आहे. त्यासाठी आज एकदाच, एकरकमी किती द्यावे? चाळीस वर्षांची नुसती बेरीज द्यावी म्हटले, तर विमा कंपनी म्हणते, ही रक्कम गुंतवली की तिच्यावर व्याज मिळेल, तेव्हा बेरजेपेक्षा कमी पुरेल. तिचे म्हणणे बरोबर असते. पण चाळीस वर्षांत महागाईही वाढणार असते. आज ५० हजार पौंडांत जेवढी शुश्रूषा मिळते, तेवढ्याच शुश्रूषेला पुढे दुप्पट-तिप्पट मोजावे लागतील. म्हणजे व्याज रक्कम खाली ओढते आणि महागाई वर ढकलते.

हा हिशेब दोन रीतींनी करता येतो. पहिल्या रीतीत दर वर्षाचा खर्च महागाईने फुगवून त्या वर्षीच्या भावात मांडायचा आणि बँकेच्या पाटीवर दिसतो त्या दर्शनी व्याजदराने तो आजच्या मूल्यावर आणायचा. दुसऱ्या रीतीत खर्च आजच्याच भावात ठेवायचा, तो फुगवायचाच नाही, आणि महागाई आधीच वजा केलेला दर, म्हणजे वास्तव व्याजदर वापरायचा. ब्रिटनची न्यायालये ही दुसरी रीत वापरतात. तिचा मोठा फायदा असा की २०५० साली परिचारिकेचा पगार किती असेल, हे भाकीत न्यायालयाला करावे लागत नाही. आजचा खर्च माहीत असला की पुरे. बाकी सगळी अनिश्चितता त्या एका दरात जाऊन बसते, आणि भांडणही तिथेच होते.

वास्तव दर काढायची पद्धत अशी:

वास्तव दर = (१ + दर्शनी दर) ÷ (१ + महागाई दर) − १

दर लहान असतील तर व्याजातून महागाई वजा केली तरी उत्तर जवळपास तेच येते. व्याज पाच टक्के आणि महागाई अडीच, तर वास्तव दर सुमारे अडीच. व्याज सव्वादोन आणि महागाई तीन, तर वास्तव दर सुमारे वजा पाऊण टक्का. या दुसऱ्या परिस्थितीत पैसे आकड्याने वाढतात, खात्यावर व्याजही जमा होते, पण त्या पैशांत वर्षाअखेर मिळणारी वस्तू थोडी कमी भरते.

हे समजायला कणगीतले धान्य बरे. पुढच्या वर्षी दहा पोती हवी असतील आणि कणगीत दरसाल थोडे धान्य कीड खात असेल, तर आज दहा पोती ठेवून भागत नाही, जास्त ठेवावी लागतात. धान्य दहा वर्षांनी हवे असेल तर आणखी जास्त. वास्तव दर धन असतो तेव्हा दूरच्या गरजेसाठी आज कमी ठेवले तरी चालते. तो ऋण झाला की दूरच्या गरजेसाठी आज अधिक ठेवावे लागते, आणि गरज जितकी दूर तितके हे जादा ठेवणे मोठे होत जाते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. समजा, पंचवीस वर्षांच्या एका जखमी मुलीला पुढची चाळीस वर्षे, दर वर्षाच्या शेवटी, आजच्या भावाने ५० हजार पौंड लागणार आहेत. नुसती बेरीज होते २० लाख. प्रत्यक्ष दाव्यांत वकील ऑग्डेन तक्ते वापरतात. विमागणिती आणि कायदेतज्ज्ञांनी मिळून केलेल्या या तक्त्यांत माणूस किती जगेल याची शक्यताही धरलेली असते. इथे ती बाजूला ठेवू, म्हणजे दराचा परिणाम उघडा दिसेल.

आधी फक्त चाळिसाव्या वर्षाचे ५० हजार घेऊ. वास्तव दर अडीच टक्के असेल, तर त्यासाठी आज सुमारे १८,६०० पौंड बाजूला ठेवले की काम झाले. तेच वास्तव दर वजा पाऊण टक्का असेल, तर आज सुमारे ६७,६०० पौंड ठेवावे लागतात. दरसाल त्यांची खरेदीशक्ती पाऊण टक्क्याने झिजते आणि चाळिसाव्या वर्षी बरोबर आजच्या ५० हजारांएवढी उरते.

आता सगळ्या चाळीस वर्षांची बेरीज. अडीच टक्क्यांना आजची रक्कम येते सुमारे १२ लाख ५५ हजार पौंड. दर शून्य असेल तर २० लाख, म्हणजे नुसती बेरीज, कारण व्याज आणि महागाई एकमेकांना फिटवून टाकतात. वजा पाऊण टक्क्याला २३ लाख ४३ हजार. वर्षे चाळीस असली तरी आज द्यावी लागते ती रक्कम ४७ वर्षांच्या खर्चाएवढी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे आकडे चुकल्यासारखे वाटतात, पण चूक कुठेच नसते.

अडीच टक्क्यांवरून वजा पाऊण टक्क्यावर येताना रक्कम सुमारे ८७ टक्क्यांनी वाढली. हाच बदल पाच वर्षांच्या खर्चाला लावला, तर वाढ जेमतेम दहा टक्के होते. महिनाभर प्लॅस्टरमध्ये पाय असलेल्याच्या दाव्यात या दराला काही अर्थ नसतो. जन्मताच मेंदूला इजा झालेल्या बाळाच्या दाव्यात मात्र जवळपास सगळे त्याच्यावरच अवलंबून असते.

वास्तव दर ऋण असताना लोक पैसे गुंतवतात तरी का, हा प्रश्न इथे येतोच. ब्रिटिश सरकार १९८१ पासून महागाईच्या निर्देशांकाला जोडलेले रोखे विकते. त्यांचे व्याज आणि मुद्दल दोन्ही किरकोळ किमतींच्या निर्देशांकाबरोबर वाढतात, म्हणून या रोख्यांच्या बाजारभावातून वास्तव दर थेट वाचता येतो, कोणाच्या अंदाजाची गरज पडत नाही. दीर्घ मुदतीचे असे रोखे सर्वांत जास्त हवे असतात ते निवृत्तिवेतन फंडांना. त्यांनी निवृत्तांना महागाईबरोबर वाढणारे वेतन द्यायचे कबूल केलेले असते आणि त्याला तंतोतंत जुळणारी दुसरी मालमत्ता बाजारात जवळपास नाही. खात्रीची किंमत म्हणून थोडा तोटा सोसायची त्यांची तयारी असते. २००८ च्या अरिष्टानंतर मध्यवर्ती बँकेनेही सरकारी रोख्यांची प्रचंड खरेदी केली. रोख्यांचे भाव चढले आणि परतावा शून्याखाली गेला. २०२१ च्या अखेरीस तो वजा दोन टक्क्यांच्याही खाली होता.

या रोख्यांचा जखमी माणसाशी संबंध जोडला तो हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९८ साली. तोवर न्यायालये साधारण साडेचार टक्के वास्तव परतावा धरून चालत, जणू दावेदार आपली रक्कम शेअर बाजारात घालणार आहे. लॉर्ड्सनी म्हटले, ज्याचे उद्याचे औषध या पैशांवर अवलंबून आहे, त्याच्यावर बाजाराची जोखीम लादता येणार नाही. त्याने सर्वांत सुरक्षित जागी, म्हणजे महागाईशी जोडलेल्या रोख्यांत पैसे ठेवले असे धरा. दर तीन टक्क्यांवर आला. हा दर ठरवण्याचे काम कायद्याने लॉर्ड चॅन्सलरकडे, म्हणजे तिथल्या न्यायमंत्र्यांकडे होते आणि २००१ साली तो अडीच टक्के ठरला.

त्यानंतर सोळा वर्षे कोणी त्याला हात लावला नाही. रोख्यांचा परतावा घसरत शून्याखाली गेला, न्यायालयांतला दर मात्र अडीच टक्क्यांवरच राहिला. याचा अर्थ काय, ते आपल्या उदाहरणातल्या मुलीकडे पाहिले की कळते. तिला अडीच टक्क्यांच्या हिशेबाने १२ लाख ५५ हजार पौंड मिळाले. न्यायालयाने गृहीत धरल्याप्रमाणे तिने ते सुरक्षित रोख्यांत ठेवले, पण तिथला परतावा वजा पाऊण टक्का निघाला. तेविसाव्या वर्षाचा हप्ता पुरा होण्याआधीच तिचे पैसे संपतात. तेव्हा ती असते अठ्ठेचाळीस वर्षांची आणि पुढची सतरा वर्षे परिचारिकेचा पगार कोण देणार, याचे उत्तर निकालपत्रात नसते.

२७ फेब्रुवारी २०१७ रोजी लॉर्ड चॅन्सलर लिझ ट्रस यांनी दर वजा पाऊण टक्का केल्याचे जाहीर केले. विमा कंपन्यांचे शेअर त्याच दिवशी घसरले. सरकारी रुग्णालयांवरच्या दाव्यांचा बोजा वाढणार म्हणून अर्थसंकल्पात वर्षाला सुमारे १२० कोटी पौंडांची तजवीज करावी लागली. विमा कंपन्यांची तक्रार अशी होती की, खऱ्या आयुष्यात एकही दावेदार सगळे पैसे तोट्यातल्या रोख्यांत ठेवत नाही. तो सल्लागाराकडे जातो, थोडे शेअर घेतो, थोडे कंपन्यांचे रोखे घेतो. या तक्रारीत तथ्य होते. म्हणून २०१८ साली कायदा बदलला. आता दावेदार बेताची जोखीम घेऊन मिश्र गुंतवणूक करतो, असे धरायचे ठरले.

गंमत अशी की जोखीम धरूनही दर ऋणच राहिला. सरकारी विमागणितींनी २०१९ साली तो कसा काढला, ते पाहण्यासारखे आहे. अशा मिश्र गुंतवणुकीवर ग्राहक किमतींच्या महागाईपेक्षा वर्षाला सुमारे दोन टक्के जास्त मिळतील, असा त्यांचा अंदाज. त्यातून कर आणि गुंतवणुकीचा खर्च म्हणून पाऊण टक्का गेला. उरला सव्वा. त्यातून आणखी एक टक्का गेला, कारण जखमी माणसाचा खर्च सर्वसाधारण महागाईच्या वेगाने वाढत नाही. त्याचा मोठा भाग पगारांत जातो आणि पगार किमतींपेक्षा वेगाने वाढतात. हाती राहिला पाव टक्का. पण या दराने निम्म्या दावेदारांना पैसे कमी पडण्याची शक्यता होती. ती कमी करण्यासाठी आणखी अर्धा टक्का काढला गेला आणि दर ठरला वजा पाव टक्का. आपल्या उदाहरणात या दराने रक्कम येते सुमारे २१ लाख सहा हजार.

या वजाबाकीतला एक टक्का सर्वांत महत्त्वाचा आहे. आपण वास्तव म्हणतो तेव्हा कोणत्या भावाच्या तुलनेत वास्तव, हे सांगावेच लागते. चहा-साखरेच्या किमतींच्या तुलनेत धन असलेला दर परिचारिकेच्या पगाराच्या तुलनेत ऋण असू शकतो. ग्वेर्नसीच्या न्यायालयाने एकाच माणसाच्या खर्चाला अर्धा टक्का आणि वजा दीड टक्का असे दोन दर लावले ते याचसाठी. तिथे पगार किमतींपेक्षा वर्षाला सुमारे दोन टक्के वेगाने वाढतात, हे मान्य झाले होते. आयर्लंडच्या अपील न्यायालयानेही २०१५ साली देखभालीच्या खर्चाला एक टक्का आणि इतर खर्चाला दीड टक्का ठरवला. खर्चांचे भाव वेगवेगळ्या वेगाने वाढत असतील, तर प्रत्येकाचा वास्तव दर वेगळा निघतो. सगळ्यांना एकच दर लावला की कुणावर तरी अन्याय होतो.

गृहीतकाने केवढा फरक पडतो हे उत्तर आयर्लंडने दाखवले. तिथे कायदा जुनाच होता, म्हणजे फक्त सुरक्षित रोखे धरायचे. त्या हिशेबाने ३१ मे २०२१ पासून तिथला दर झाला वजा पावणेदोन टक्के. आपल्या उदाहरणातली मुलगी बेलफास्टची असती, तर तिला २९ लाख ३२ हजार पौंड मिळाले असते. लिव्हरपूलची असती तर २१ लाख सहा हजार. मधे आयरिश समुद्र आणि कायद्यातले एक गृहीतक. पुढे उत्तर आयर्लंडनेही पद्धत बदलली.

आता चुकांकडे वळू. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे दोन रीतींची सरमिसळ. खर्च मांडायचा आजच्या भावात आणि वटवायचा मात्र दर्शनी व्याजदराने. आपल्याच उदाहरणात महागाई तीन टक्के धरू. वजा पाऊण टक्का वास्तव दर म्हणजे दर्शनी दर सुमारे २.२३ टक्के. योग्य रीतीने चाळिसाव्या वर्षाचा खर्च आधी महागाईने फुगवायचा. तो होतो सुमारे १ लाख ६३ हजार पौंड. मग तो दर्शनी दराने वटवायचा. उत्तर येते ६७,६०० पौंड, वास्तव रीतीने आले होते तेच. दोन्ही रीतींचे उत्तर जुळलेच पाहिजे. जुळले नाही तर कुठेतरी घोटाळा आहे, ही हमखास परीक्षा. सरमिसळ करणारा मात्र न फुगवलेले ५० हजार दर्शनी दराने वटवतो आणि २०,७०० पौंडांवर येतो, म्हणजे खऱ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ही चूक नजरेतून सुटते, कारण दर्शनी दर धन असतो आणि उत्तर बेरजेपेक्षा कमी, म्हणजे नेहमीसारखे दिसते. बरोबर उत्तरच विचित्र दिसते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. काही सूत्रे दर धन राहणार हे मनात धरूनच तयार झालेली असतात, आणि चिन्ह बदलले की ती मोडतात. ब्रिटनमध्ये घराच्या बाबतीत हेच झाले. चाकाच्या खुर्चीसाठी मोठे, एकमजली घर लागते. त्याची सगळी जादा किंमत भरपाईत दिली, तर माणूस गेल्यावर ते घर वारसांना फुकटात मिळते. म्हणून न्यायालये जुन्या सूत्राने एवढेच देत की, घरात अडकलेल्या भांडवलावरचे दरसालचे बुडलेले उत्पन्न. घर ९ लाख पौंडांनी महाग असेल आणि दर अडीच टक्के, तर वर्षाला २२,५०० पौंड. हा आकडा वर्षांच्या गुणकाने गुणायचा. दर वजा पाऊण टक्का झाला तेव्हा हेच सूत्र म्हणू लागले की वर्षाला वजा ६,७५० पौंड. म्हणजे घर मिळाल्याबद्दल जखमी माणसानेच काहीतरी देणे लागावे! न्यायालयांनी ते शून्य धरले. पाय गमावलेल्या एका महिलेला ९ लाख पौंडांनी महाग घरासाठी खालच्या न्यायालयाकडून एक पैसाही मिळाला नाही.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयाने हे सूत्र सोडून दिले आणि प्रश्न उलटा मांडला. ही बाई गेल्यावर, साधारण ४५ वर्षांनी, जे घर वारसांच्या हाती येईल त्या हक्काला आज बाजारात काय भाव आहे? असे हक्क फार थोडे विकले जातात आणि घेणारा त्यांवर भरघोस परतावा मागतो. न्यायालयाने तो पाच टक्के धरला. ९ लाखांचा ४५ वर्षांनी मिळणारा हक्क आज होतो सुमारे ९८ हजार. उरलेले ८ लाख १,९१३ पौंड त्या महिलेला मिळाले. म्हणजे एकाच दाव्यात देखभालीला ऋण दर आणि घराच्या हक्काला पाच टक्के. यात विसंगती नाही. जे पैसे खात्रीने लागणारच आहेत त्यांचा दर वेगळा आणि जो हक्क विकायला गिऱ्हाईक मिळत नाही त्याचा दर वेगळा. ऋण दर सगळीकडे सरसकट लावला असता, तर ४५ वर्षांनी मिळणाऱ्या घराची आजची किंमत घराहूनही जास्त निघाली असती, आणि तशी किंमत कुणी देत नाही.

मर्यादा आणखी एक आहे. कायम चालणाऱ्या देण्याचे आजचे मूल्य काढायला वार्षिक रकमेला दराने भागतात. दर ऋण असला की या भागाकाराला अर्थच उरत नाही, बेरीज अनंताकडे जाते. म्हणून इतका कमी दर किती वर्षे टिकेल, हे लांब मुदतीच्या हिशेबात विचारावेच लागते. ग्वेर्नसीच्या शेजारच्या जर्सी बेटाने २०१९ च्या कायद्यात वीस वर्षांपर्यंतच्या नुकसानीला अर्धा टक्का आणि त्याहून लांबच्या नुकसानीला १.८ टक्के असे दोन दर ठेवले, ते याच विचाराने.

आपल्याकडे हा हिशेब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांत रोज होतो, फक्त व्याजदराचे नाव कुणी काढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक ठरवून दिले. मृत व्यक्तीचे वय १५ ते २५ असेल तर १८, मग वय वाढेल तसा कमी. वार्षिक नुकसान या गुणकाने गुणायचे. पंचविशीतल्या माणसाने साठीपर्यंत कमावले असते, म्हणजे ३५ वर्षे. ३५ वर्षांना १८ चा गुणक म्हणजे सुमारे सव्वाचार टक्क्यांचा वास्तव दर आत दडलेला आहे. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने स्वयंरोजगार किंवा ठराविक पगारावर असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी चाळीस टक्के मिळवायला सांगितले. ती वाढ धरली की गुणक जणू २५.२ होतो आणि दडलेला दर दोन टक्क्यांच्या आसपास येतो. हा ढोबळ हिशेब आहे. ती वाढ बढतीसाठीही आहे आणि माणूस साठीपर्यंत जगलाच असता असेही नाही. पण दिशा स्पष्ट आहे. आपले तक्ते धन वास्तव दर धरून चालतात.

आता भरपाई मिळाल्यावर काय होते ते पाहा. विधवा पत्नी किंवा अज्ञान मुले यांच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरणे अनेकदा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतात, पैसे उडून जाऊ नयेत म्हणून. २०२१ मध्ये मोठ्या सरकारी बँकांच्या लांब मुदतीच्या ठेवींवर साधारण ५.४ टक्के व्याज मिळत होते. २०२२-२३ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ६.७ टक्के राहिली. अशा वर्षी ठेवीचा वास्तव दर वजा सव्वा टक्क्याच्या जवळ जातो. रक्कम ठरवताना धन दर धरायचा आणि ठेवायची मात्र ऋण दराच्या जागी, हा तोच पेच आहे ज्यात ब्रिटन सोळा वर्षे अडकले होते. महागाईचा आलेख उतरला की ठेवीचा वास्तव दर पुन्हा वर येतो, पण गुणक त्याच्याबरोबर हलत नाही. शिवाय आपल्याकडे वास्तव दर वाचायला बाजारही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली महागाईशी जोडलेले रोखे आणले होते, पण त्यांचा बाजार रुजला नाही. ठराविक गुणकाचा एक मोठा फायदा मान्य करायला हवा. त्यामुळे दर खटल्यात अर्थतज्ज्ञ उभे करावे लागत नाहीत आणि एकाच वयाच्या दोन दावेदारांना एकच माप लागते. त्याची किंमत म्हणून ते माप मधूनमधून तपासावे लागते.

ब्रिटनमध्ये दर आता पुन्हा शून्याच्या वर आला आहे. २०२२ नंतर रोख्यांचा परतावा चढला आणि ११ जानेवारी २०२५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये अर्धा टक्का लागू झाला. आपल्या उदाहरणातल्या मुलीला या दराने सुमारे १८ लाख ९ हजार पौंड मिळतात. म्हणजे २०१७ ते २०२५ या आठ वर्षांत एकाच इजेची किंमत, निकाल कोणत्या महिन्यात लागला त्यानुसार, साडेबारा लाखांपासून साडेतेवीस लाखांपर्यंत कुठेही पडली असती. हा दोष गणिताचा नाही. चाळीस वर्षांचे भविष्य आज एका रकमेत मिटवायचे म्हटले की कुणाला तरी दराची पैज लावावीच लागते.

ती पैज टाळायचा एक मार्ग ब्रिटिश न्यायालयांकडे २००५ पासून आहे. देखभालीचा खर्च एकरकमी न देता विमा कंपनीने किंवा सरकारी रुग्णालयाने तो दरसाल, माणूस जगेल तोवर द्यायचा, आणि हा हप्ता परिचारिका-सेवकांच्या पगारांच्या निर्देशांकाला जोडायचा. इथे दावेदारापुरता वटाव दर लागतच नाही. व्याज खाली गेले, पगार वर गेले, तर त्याचा भार देणाऱ्यावर पडतो, आणि त्याच्या ताळेबंदात हजारो दाव्यांची सरासरी निघते. मोठ्या दाव्यांत म्हणूनच पहिला प्रश्न हा ठरतो की वास्तव दराची जोखीम कुणाच्या गळ्यात घालायची, एका जखमी माणसाच्या की विमा कंपनीच्या. एकरकमी निकाल घेणारा ती स्वतःकडे घेत असतो. सही करण्याआधी आपण वर्षाला किती टक्क्यांवर पैज लावत आहोत, एवढे तरी त्याला कुणीतरी सांगितले पाहिजे.